प्रार्थनेतली खोडलेली ओळ

श्रावणसोबत मेमोरियल, कोर्टात द्यायचा लेखी युक्तिवाद, लिहिणं म्हणजे डोक्याला ताप होता. बासष्ट साली अमरावतीच्या आमच्या लॉ कॉलेजातून श्रावण आणि मी, भगवंत, अशा आम्हा दोघांना अकोल्याच्या अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याच्या, स्पर्धेसाठी निवडलं होतं. जिंकणाऱ्या जोडीला नागपूरचे एक मोठे वकील हाताखाली घेणार होते. माझे मामाच वकील, म्हणून मला फिकीर नव्हती. श्रावणचं मात्र त्या धंद्यात कोणीच नव्हतं.

खटला कागदावरचाच, स्पर्धेच्या प्रश्नात दिलेला. गावच्या सार्वजनिक विहिरीवर बौद्धांनी सगळ्यांच्या शेवटी पाणी भरावं असा ग्रामपंचायतीचा ठराव, आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज. आम्ही अर्जदारांचे वकील.

तथ्यांच्या निवेदनातच यानं अर्जदाराची विहिरीवर फुटलेली घागर घातली.

"घागर कुठून आनली बापा? प्रश्नात नाई थे."

"फुटतेच, भगवंता."

"तुह्या गावात फुटत असन! दिलेल्या तथ्यांच्या भाईर एक शब्द लिहाचा नाई."

मी घागर खोडली. वादमुद्दे प्रश्नाच्या रूपात हवेत, तर यानं तक्रारी लिहिल्या होत्या. युक्तिवादाचा सारांश मुद्द्यांच्या क्रमानं हवा, तर याचा तिसरा मुद्दा पहिला. सगळं मीच पुन्हा लिहिलं आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.

उरली प्रार्थना, म्हणजे अर्जाच्या शेवटी कोर्टाकडे मागायची दाद. त्यात त्याच्या दोन मागण्या होत्या. ठराव रद्द करावा. आणि अर्जदारांना इतरांसारखंच पाणी भरू द्यावं, असा पंचायतीला आदेश द्यावा.

"एकच गोष्ट दोनदा कावून मांगतं? ठराव गेला का पानी आपोआप भेटते."

"आपोआप?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. "राहू दे ना थे ओळ."

मी इतका वैतागलो होतो की ऐकलंच नाही. ओळ खोडली, खाली नेहमीचं 'इतर योग्य ती दाद द्यावी' तेवढं ठेवलं, मशीनमध्ये कार्बन लावले आणि टाइप करून टाकलं.

अकोल्यात न्यायाधीश म्हणून ॲडव्होकेट पंजाबराव बसले होते. आमचं तथ्यांचं निवेदन त्यांना फार आवडलं. मी फुशारलो. मग त्यांनी शेवटचं पान उघडलं.

"ठराव मी रद्द केला. उद्या सकाळी तुमच्या अशिलाले विहिरीवर अडवलं, तर माह्या कोनत्या हुकमानं त्याले पानी भेटन?"

"इतर योग्य ती दाद, असं लिहिलं आहे, महाराज."

"कोनती दाद? तुमालेच मांगता येत नाई, तर मी काय देऊ?"

दाखल केलेल्या मेमोरियलमध्ये दुरुस्ती करायची नाही, असा स्पर्धेचा नियम होता. श्रावण शेजारी होता. ओळ कोणी खोडली, ते त्यानं सांगितलं नाही. नागपूर दुसऱ्यांना मिळालं.

परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर पाहत बसला. मूर्तिजापूर आलं तरी नजर बाहेरच. मला ते सहन होईना.

"चिड ना माह्यावर एकडाव! मीच खोडली ना थे ओळ."

"चिडून काय करू?" तो म्हणाला. "आमच्या गावात तर असा ठराव कदीच झाला नाई, भगवंता. तरी माही माय शेवटीच पानी भरते."