कोरा रकाना

लिफ्ट तपासणाऱ्यांच्या त्या ऑफिसात माणसाची लायकी ठरायची ती त्याने किती दोष काढले यावरून. दोष काढण्याचाच पगार घेणारी ही माणसं घरी गेल्यावर बायकोच्या स्वयंपाकाबद्दल काय बोलत असतील, देव जाणे. बाकी ऑफिस चांगलं होतं. सहाव्या मजल्यावर, उजेडाचं आणि चहा गरम मिळणारं.

मोठ्या साहेबांच्या टेबलामागे त्यांचा नियम टाइप करून लावलेला होता: ‘ज्या अहवालात दोषांचा रकाना कोरा, ती तपासणी झालेलीच नाही.’ साहेब काही दुष्ट नव्हते. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखालच्या एकाने घरी बसून डझनभर कोरे अहवाल भरले होते आणि त्यातलीच एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अर्धा दिवस अडकून बसली होती. आत एक बाळंतीण होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं साहेबांचं झालं होतं.

नियम आला आणि माणसंही शहाणी झाली. सगळ्यात शहाणे म्हणजे डागकाका. निवृत्तीला दोन वर्षं उरलेले ज्येष्ठ निरीक्षक. त्यांच्या प्रत्येक पहिल्या अहवालात एक दोष ठरलेला असे: ‘आरशाच्या उजव्या कोपऱ्यात डाग.’ आठवड्याने फेरतपासणी: ‘डाग पुसला. दोष नाही.’ मग परवाना. दोषांचा रकाना कोरा असल्याशिवाय, म्हणजे तिथे ‘नाही’ असल्याशिवाय, परवाना द्यायचाच नाही, हाही साहेबांचाच नियम होता. दोन्ही नियम वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदत होते आणि त्यांची एकमेकांशी गाठ कुणी घालून दिली नव्हती.

मग या ऑफिसात ती बदलून आली. लिफ्ट मेकॅनिकची मुलगी. लहानपणी शाळा सुटली की बाबांच्या मागे मशीन रूममध्ये जाऊन बसायची. तिसऱ्या महिन्यात तिच्याकडे एका दवाखान्याची लिफ्ट आली. चार तास ती तिथे होती. दोर बोटांनी चाचपले, ब्रेक लावून पाहिला, दार अर्धवट उघडं ठेवून लिफ्ट हलत नाही ना ते प्रत्येक मजल्यावर पाहिलं, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरली, आतल्या फोनवरून खालच्या पहारेकऱ्याशी बोलून पाहिलं. तिथला मेकॅनिक डोळ्यांत तेल घालून काम करणारा होता. काहीच सापडलं नाही. तिने लिहिलं: ‘दोष: नाही.’

साहेबांनी अहवाल परत पाठवला. ती पुन्हा गेली, पुन्हा चार तास, पुन्हा ‘दोष: नाही’. आता ऑफिसात तिचं नाव ‘कोरीबाई’ पडलं आणि हातात पत्र पडलं. सोमवारी अकरा वाजता खुलासा करा, नाही तर बाहेरचं काम काढून तुम्हाला तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसवण्यात येईल.

तिने पत्र दोनदा वाचलं. तळघरातल्या फायली तिला दिसायला लागल्या. पुढची वीस वर्षं त्याच फायली. डागकाका जवळ येऊन हळूच म्हणाले, “पोरी, एक डाग लिहायला काय जातं तुझं?”

“नसलेला डाग लिहायचा, काका?”

“अगं, असतोच कुठेतरी.”

रविवारी ती बाबांकडे गेली. बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मिक्सर उघडून बसले होते. निवृत्त झाले तरी हाताला चैन नव्हतं. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “उद्या तोंडावर सांगते, नियम मूर्खपणाचा आहे म्हणून. तपासताना काढलेले फोटो दाखवते.”

“दाखव. तो म्हणेल, फोटो जुने आहेत.” बाबांनी एक स्क्रू बशीत ठेवला. “नियम खोटा आहे म्हणून ओरडलीस की तो आणखी घट्ट धरून बसेल. तू उलटं कर. नियम खरा धर.”

“म्हणजे मी कामचुकार?”

“ऐक तर. खरा धरायचा आणि त्याचं बोट धरून पुढे चालत राहायचं. फक्त एक पथ्य पाळ. वाटेत आपल्या पदरचं काही घालायचं नाही. प्रत्येक पायरी त्याच्याच मान्यतेची. ‘हे बरोबर ना?’ विचारायचं, तो हो म्हणाला की पुढची. नियमातच खोट असेल तर अशी एक पायरी येईल, की तिथे त्यालाच पाय ठेववणार नाही. आणि तिथवर त्याला त्याच्याच नियमाने आणलेलं असेल.”

“आणि तशी पायरी आलीच नाही तर?”

“तर नियम खरा असेल बाई. मग टॉर्च घे आणि तिसऱ्यांदा जा दवाखान्यात.”

सोमवारी साहेब गुडघा चोळत लिफ्टमधून बाहेर आले. त्यांच्या खोलीत ती उभी राहिली आणि ज्येष्ठ म्हणून डागकाकांना खुर्चीत बसवलं होतं. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

“बोला बाई. तपासणी का केली नाही?”

“त्याआधी तुमचा नियम मला नीट समजून घ्यायचाय, साहेब. रकाना कोरा, तर तपासणी झालेली नाही. असंच ना?”

“असंच. पाठीमागे लिहिलंय.”

“आणि तपासणी न झालेली लिफ्ट आपण चालू ठेवू का?”

“छे. लगेच बंद.”

“जिच्यात दोष लिहिलाय ती?”

“तीही बंद. दोष काढा, फेरतपासणी करा, रकाना कोरा दाखवा, मगच परवाना. हे तुम्हाला तीन महिन्यांत कळायला हवं होतं.”

“कळलंय, साहेब. म्हणजे रकान्यात दोष असेल तर लिफ्ट बंद. आणि दोष नसेल, रकाना कोरा असेल, तर तपासणी झालेली नाही, म्हणून बंद. मग चालू राहील ती कोणती?”

डागकाकांची नजर घड्याळावरून खाली आली.

“शहरातल्या प्रत्येक चालू लिफ्टचा शेवटचा अहवाल कोरा आहे,” ती म्हणाली. “त्याशिवाय परवानाच नाही. तुमच्या नियमाप्रमाणे त्यातली एकही तपासलेली नाही. आणि प्रत्येक परवान्यावर ‘तपासणी झाली’ म्हणून तुमची सही आहे. या इमारतीच्याही. तुम्ही आत्ता त्याच लिफ्टने वर आलात.”

“माझी सही खोटी आहे म्हणता?”

“मी नाही म्हणत. मला ती खरीच वाटते. नियम म्हणतोय.”

साहेब उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. माणूस चिडला होता, पण विचार करत होता. असे लोक कमी भेटतात, हे तिलाही जाणवलं.

“फेरतपासणीचं वेगळं आहे,” ते म्हणाले. “तिथे आधी दोष सापडलेला असतो. तो दुरुस्त झाला म्हणून रकाना कोरा.”

“मान्य. म्हणजे रकाना कोरा असूनही तपासणी खरी असू शकते?”

“फेरतपासणीत. पहिल्या तपासणीत दोष सापडलाच पाहिजे.”

“बरं, असा नियम धरू. काकांनी सोमवारी एका लिफ्टची फेरतपासणी केली. कोरी. दोष नाही. मंगळवारी त्याच लिफ्टच्या नव्या वर्षाच्या पहिल्या तपासणीला तुम्ही मला पाठवलंत. मला दोष सापडलाच पाहिजे?”

साहेबांनी काकांकडे पाहिलं.

“लिफ्ट तीच, दोर तेच, ब्रेक तोच. तरी सापडलाच पाहिजे. म्हणजे एक तर काका सोमवारी खोटं बोलले, किंवा मंगळवारी मी खोटं लिहीन, किंवा मी येणार हे कळल्याबरोबर लिफ्टने बिघडायचं ठरवलं. आणि हे एकदा नाही, दर वेळी.”

साहेबांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण मिशीच्या टोकाला थोडं उरलंच. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “नियम पडला, बाई. पण एक सांगा. त्यामुळे तुम्ही दवाखान्यात काम केलंत हे कुठे ठरलं?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं आणि याचंच तिला भय होतं. खोटं उत्तर सोपं होतं.

“नाही ठरलं,” ती म्हणाली. “नियम खोटा निघाला म्हणून मी खरी ठरत नाही. एवढंच ठरलं, की कोऱ्या रकान्यावरून मला खोटं ठरवता येणार नाही. बाकीचं कळायला लिफ्टच बघावी लागेल.”

“मग बघू,” साहेब म्हणाले. “काका, तुम्हीही चला.”

गेली कित्येक वर्षं साहेब खड्ड्यात उतरले नव्हते. त्या दिवशी गुडघ्याला पट्टा बांधून उतरले. दोर चाचपले, ब्रेक पाहिला, दारं पाहिली, फोन उचलून खालच्या पहारेकऱ्याला दोनदा ‘हॅलो’ म्हणाले. ती दूर उभी होती. आपल्या नजरेतून काही सुटलं असेल का, या विचाराने ती त्यांच्या प्रत्येक हालचालीकडे पाहत होती. तीन तास गेले. साहेबांना काही सापडलं नाही. कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले, “मेकॅनिक कोण आहे इथला? बक्षीस द्यायला हवं त्याला.”

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

साहेबांनी फाईल उघडली. त्यात गेल्या वर्षीचा अहवाल होता, डागकाकांचा. त्यांनी तो मोठ्याने वाचला. “‘आरशाच्या उजव्या कोपऱ्यात डाग.’ आणि पुढच्या आठवड्यात, ‘डाग पुसला.’” वाचता वाचता त्यांनी लिफ्टमध्ये डोकं घातलं. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मागे पाहिलं.

लिफ्टमध्ये आरसाच नव्हता. स्ट्रेचर लागून आरसा फुटू नये म्हणून तिन्ही बाजूंना नुसते खरखरीत पत्रे होते आणि लिफ्ट बसवली त्या दिवसापासून तसेच होते.

“माझ्या नियमात हा अहवाल पास झाला,” साहेब सावकाश म्हणाले, “आणि या बाईंचा नापास.”

डागकाकांची मान खाली गेली होती. साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “नियम मी केला होता, काका. डाग तुम्ही पाडलेत. अर्धं अर्धं वाटून घेऊ. उद्यापासून तुमच्या सगळ्या लिफ्ट पुन्हा बघायच्या. बाई बरोबर येतील.”

“येईन,” ती म्हणाली. काका मान वर न करता म्हणाले, “बरं होईल. मलाही झोप लागेल.”

साहेबांनी नवा फॉर्म मांडीवर घेतला. दोषांच्या रकान्यापाशी पेन आलं आणि थांबलं. वर्षानुवर्षांची सवय ती. मग त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: ‘दोष: नाही.’ खाली सही केली आणि कागद तिच्यापुढे धरला.

“तपासलंय मी,” ते म्हणाले. “पण रकाना कोरा आहे. तुम्ही विश्वास ठेवाल?”

“ठेवीन, साहेब,” ती म्हणाली. “तुम्ही खड्ड्यात उतरलात तेव्हा मी इथेच होते.”