साजातली लाख

सयाजी मूळचा आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, म्हणून बुलावायोत मी त्याच्या किराणा दुकानात जायचे. एरवी असल्या लुच्च्याचं तोंडही पाहिलं नसतं.

२००८ साल. झिम्बाब्वेच्या नोटेवर शून्यं वाढत होती आणि तिची किंमत मातीत जात होती. माझा नवरा त्र्यंबक तिथं एका कारखान्यात केमिस्ट. पिशवीभर पगार आणायचा आणि संध्याकाळी त्यात पाव मिळायचा नाही. आमची बारा वर्षांची भैरवी इन्सुलिनवर. दवाखान्यातलं औषध संपलं होतं. परतीची तिकिटं तीन महिन्यांनंतरची, म्हणजे तीन बाटल्या हव्यात. त्या फक्त सयाजी बोट्स्वानातून आणायचा.

मी नोटांची पिशवी त्याच्यासमोर आपटली.

"ह्या घेऊन सरहद्दीवर गेलो तर हाणतील मला," तो म्हणाला. "डॉलर न्हाईतर सोनं. बाटलीला चार ग्रॅम."

"चार? लाज वाटत नाही?"

"गेल्या सा म्हैन्यांत नोटांचा भाव रोज बदलला, वहिनी. ह्यो चार ग्रॅमच हाय. सोन्याला भाईर डॉलरचा भाव मिळतो. मी निम्माच धरतो, कारण सापडलो तर तुरुंगात मी जाणार, तुम्ही न्हाय."

मी गळ्यातला कोल्हापुरी साज काढून दिला. पंधरा ग्रॅम. तीन बाटल्या घेऊनही तीन ग्रॅम उरणार होते.

त्यानं तो कसोटीवर घासला, मग मणी फोडून वितळवायला लागला. काळा धूर निघाला. साजाच्या पोकळ मण्यांत लाख भरतात हे मला ठाऊक होतं. पण सासूबाईंनी सांगितलेलं वजन मी निव्वळ सोन्याचं धरून बसले होते. काट्यावर आठ ग्रॅम भरले.

"चोरा! सासूबाईंनी पंधरा ग्रॅम सांगून दिलाय साज! सात ग्रॅम खाल्लेस!"

"समोरच जाळलंय की! धूर तुमच्या नाकात गेला, तरी मीच चोर?"

दोन बाटल्या. तिसऱ्या महिन्यात पोरीला काय टोचायचं? मी मंगळसूत्राच्या वाट्या हिसडून काउंटरवर फेकल्या. दोन ग्रॅम भरल्या.

"आणखी दोन पाहिजेत," तो म्हणाला.

"पोर मरेल माझी, मेल्या!"

त्यानं शिवी हासडली आणि तिसरी बाटली माझ्यासमोर आदळली. "दोन ग्रॅम तुमच्या सासूकडनं वसूल करतो. साज कितीला पडला हुता?"

इकडं येताना सासूबाईंनी तो साज मला वजनाला वजन लावून दिला होता आणि माझ्या पंधरा ग्रॅमच्या भरीव पाटल्या ठेवून घेतल्या होत्या. हे सयाजीला सांगायची मला लाज वाटली. बाटल्या उचलल्या आणि आभार न मानता निघाले.