कोरं पान

बदल्यांच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनांना सगळं शिक्षण कार्यालय पाठीमागे ‘खुसपटराव’ म्हणायचं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. राग यायचा नाही. उलट अंगावर मूठभर मांस चढायचं. बत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही अर्ज खुसपट निघाल्याशिवाय पुढे सरकला नव्हता. कुणाचा शिक्का पुसट, कुणाच्या प्रतीवर सही नाही, कुणाच्या दाखल्याची मुदत संपलेली. आणि त्यांचं तरी काय चुकलं? ‘आई अंथरुणाला खिळली आहे’ असं लिहिणाऱ्या एका गुरुजींचा अर्ज घेऊन ती माउली स्वतःच तीन जिने चढून आली होती, आणि वर ‘पाणी मिळेल का’ असंही विचारलं नव्हतं तिने.

त्यामुळे बाईंचा अर्ज हाती आला तेव्हा खुसपटरावांना आधी आनंद झाला आणि लगेच संशय आला. दोन शिक्षकी शाळेवरच्या या बाई. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत, शिफारशीसह, रीतसर आलेला. पट्टीने आखलेला समास, कोपऱ्यात पानांचे आकडे, शेवटी सोबतच्या कागदांची यादी, आणि यादीत सतरा म्हणजे खरोखर सतरा कागद. सगळ्या प्रती साक्षांकित. सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्रसुद्धा ताजं. खुसपट काढायला नखाएवढी जागा नाही.

“महोदया,” असं बाईंनी लिहिलं होतं, “माझ्या वडिलांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला असून त्यांची उजवी बाजू निकामी झाली आहे. आई हयात नाही. मी एकुलती एक असून अविवाहित आहे. सध्या शेजारच्या बाई दिवसातून दोन वेळा त्यांच्याकडे पाहतात. मला स्वतःला त्याच सुमारास संधिवाताचे निदान झाले असून नियमित इंजेक्शने चालू आहेत. शाळेपासून घर एकशे दहा किलोमीटर आहे. तरी वडिलांच्या गावी किंवा जवळपासच्या शाळेत बदली मिळावी, ही नम्र विनंती. या संपूर्ण काळात मी विद्यार्थ्यांचे कोणतेही नुकसान होऊ दिलेले नाही, हेही आदरपूर्वक नमूद करते.”

शेवटच्या वाक्याने घात केला. खुसपटरावांनी बाईंचं सेवापुस्तक मागवलं आणि रजेचं पान उघडलं. तीन वर्षांत वैद्यकीय रजा एकही नाही. अर्जित रजा नाही. शाळेचं हजेरीपत्रक पाहिलं तर किरकोळ रजा दोन दिवस, त्याही झटक्याच्या आठवड्यातल्या. खुसपटरावांनी पेनचं टोपण काढलं. वडील लुळे, स्वतः आजारी, आणि तीन वर्षांत दोन दिवस रजा? त्यांनी फाइलवर टिप्पणी लिहिली: “अर्जदारांनी आजारपणासाठी व वडिलांच्या शुश्रूषेसाठी रजा घेतल्याचे अभिलेखावरून दिसत नाही. सबब नमूद कारणांच्या तीव्रतेबाबत शंका. सुनावणीस ठेवावे.” सही केली आणि समाधानाने चहा प्यायले.

सुनावणी तीन वाजता होती. बाई अकरालाच आल्या. पन्नाशीला टेकलेल्या, सुती साडी, खांद्याला शबनम. खुर्चीवर बसताना त्यांनी टेबलाची कड तळव्याने धरली, बोटांनी नाही. खुसपटरावांचं लक्ष गेलं. बोटांचे सांधे सुजून गोल झाले होते.

“हा अर्ज तुम्हीच लिहिलात?” त्यांनी विचारलं.

“हो. काही चुकलं का?”

“चुकलं नाही. अक्षर छान आहे, म्हणून म्हटलं.”

“चार दिवस लागले,” बाई ओशाळून हसल्या. “सकाळी बोटं मिटत नाहीत. दुपारी शाळा सुटल्यावर रोज थोडं थोडं लिहिलं. वाईट अक्षरातला अर्ज शिक्षिकेने कसा द्यायचा?”

खुसपटरावांनी घसा खाकरला. आडवळणाने बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. “बाई, स्पष्टच सांगतो. तुमची फाइल अडलीय ती रजेच्या पानावर. ते कोरं आहे. शिक्षणाधिकारी मॅडम विचारतील, एवढा त्रास होता तर रजा का नाही घेतली? तुमच्याकडे काय उत्तर आहे?”

बाईंचा चेहरा उतरला. वर्गात पहिल्यांदाच ओरडा खाल्लेल्या हुशार मुलीचा उतरावा तसा.

“म्हणजे घ्यायला हवी होती?” त्यांनी हळूच विचारलं. “मला वाटलं, रजा नाही घेतली तर बरं दिसेल. काम टाळत नाही हे कळेल, आणि मग माझं म्हणणं ऐकतील. दोन शिक्षकी शाळा आमची. मी नसले की हेडमास्तर एकटे, आणि पाच इयत्ता. ते बिचारे एका वर्गाला पाढे देऊन दुसऱ्याकडे धावतात.”

“मग इंजेक्शनं कधी घेता?”

“रविवारी. मोठे डॉक्टर महिन्यातले दोन रविवार आमच्या गावच्या दवाखान्यात येतात. शनिवारी शाळा सुटली की बस पकडते. रात्री बाबांपाशी. सकाळी इंजेक्शन, मग बाबांची आंघोळ, आठवड्याचे कपडे, औषधांच्या पुड्या. आणि संध्याकाळची परतीची बस.”

“दर आठवड्याला?”

“जिथे डॉक्टर येत नाहीत त्या रविवारी जरा निवांत असतं,” बाई म्हणाल्या, जणू फारच चैन होती.

खुसपटराव उठले. कपाटातून त्यांनी गेल्या तीन वर्षांची कॅलेंडरं काढली. असल्या वस्तू ते कधी टाकत नसत, त्यावरूनही कार्यालय हसत असे. बाईंनी शबनममधून दवाखान्याचे सगळे कागद काढून समोर पसरले. “तुम्ही तारखा वाचा, मी बघतो.”

बाई वाचत गेल्या. रविवार. रविवार. रविवार. एक तारीख सोमवारची निघाली तेव्हा खुसपटराव जवळजवळ खूश झाले, पण ती सार्वजनिक सुट्टी होती. पुढे एकदा वडिलांना आठ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं, ते मे महिन्यात. स्वतः बाईंना पाच दिवस भरती केलं होतं, तेही दिवाळीच्या सुट्टीत. “दुखणं सुट्टीची वाट बघून आलं की काय?” खुसपटरावांनी विचारलं.

“दुखणं आधीच आलं होतं. मी सुट्टीची वाट बघितली.”

झटक्याचा आठवडा सोडून एकसष्ट कागद, आणि शाळेचा एकही दिवस नाही. इतकी वर्षं त्यांनी खोटं पकडायला डोळ्यांत तेल घातलं होतं, आणि खरं समोर आलं तर तेच खोटं म्हणून लिहून मोकळे झाले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

फाइलवरची टिप्पणी खोडता येत नाही, पानही बदलता येत नाही. फक्त तिच्या खाली दुसरी लिहिता येते. आपल्याच सहीखाली आपलंच म्हणणं फिरवायची वेळ खुसपटरावांवर कधी आली नव्हती. त्यांनी लिहिलं: “उपरोक्त शंका पुनर्पडताळणीअंती निराधार आढळली. उपचाराच्या सर्व एकसष्ट तारखा सुट्टीच्या दिवशीच्या आहेत. तक्ता सोबत जोडला आहे. शंका उपस्थित करण्यात माझी चूक झाली.” शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. पण लिहिलं.

तीन वाजता मॅडमनी दोन्ही टिप्पण्या वाचल्या आणि चष्म्यावरून खुसपटरावांकडे असं पाहिलं की त्यांची तब्येत बरी आहे ना, हीच शंका यावी. मग त्या बाईंकडे वळल्या.

“तुमचं म्हणणं पटतंय मला. पण तुमच्या जाण्याने शाळेवर एकच शिक्षक उरेल. त्यापेक्षा सहा महिने वैद्यकीय रजा घ्या ना. तुमची रजा भरपूर शिल्लक आहे. उपचार होतील, वडिलांजवळ राहाल. बदलीचं पुढे बघू.”

खुसपटरावांना वाटलं, बाई लगेच हो म्हणतील. कुणीही म्हटलं असतं.

“मॅडम, रजा नको,” बाई म्हणाल्या. “मी रजेवर गेले तर कागदावर माझी जागा भरलेलीच दिसेल. सहा महिने दुसरं कुणी येणार नाही. बदली झाली तर जागा रिकामी होईल, मग कुणालातरी पाठवावंच लागेल. मला जायचंय, मॅडम. मी आता थकले. बाबा माझ्याशिवाय जेवत नाहीत नीट. पण मुलांना कुणीतरी मिळायला हवं.”

मॅडमनी पेन उचललं, परत ठेवलं. “येईल कोण तिथे?” त्या म्हणाल्या, आणि प्रश्न खुसपटरावांना होता.

खुसपटराव उत्तर द्यायला जरा कचरले. कारण उत्तर त्यांच्याच टेबलाच्या खणात होतं. बाईंच्या शाळेपासून पाच मैलांवर सासर असलेल्या एका शिक्षिकेचा अर्ज चार महिन्यांपासून तिथे पडला होता. सोय व्हावी म्हणून त्याच भागात यायला तयार होती बिचारी. तिला त्यांनी नवऱ्याच्या नोकरीच्या दाखल्याची एक प्रत कमी म्हणून थांबवून ठेवलं होतं.

“आहे एक जण,” ते म्हणाले. “कागद अपुरे आहेत. म्हणजे, उद्यापर्यंत पुरे होतील. मी फोन करतो.”

मॅडमनी शेरा मारला: दोन्ही बदल्या एकत्र काढाव्यात, नवीन शिक्षिका रुजू होताच अर्जदारास कार्यमुक्त करावे.

आदेश निघायला तीन आठवडे लागले. ते आदेश शाळेकडे टपालाने गेले असते, पण हे काम टपालावर सोडायला खुसपटराव तयार नव्हते. त्यांनी मुख्याध्यापकांना फोन करून बाईंना पाठवायला सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, “पाठवतो. मुलं रडतील हो. मीही.” आणि फोन ठेवून दिला.

बाई आल्या. त्यांनी आदेश दोनदा वाचला, तिसऱ्यांदा तारखा वाचल्या, आणि पोच वहीवर सही केली. सहीला वेळ लागला. खुसपटरावांनी वही घट्ट धरून ठेवली, हलू दिली नाही.

“नवीन बाई शुक्रवारी रुजू होतील,” ते म्हणाले. “तुम्हाला त्याच दिवशी सोडतील. नव्या शाळेत हजर व्हायला नियमाने सात दिवस मिळतात. आणि बाई, ऐका माझं, ते सातही दिवस घ्या. सोमवारीच जाऊन उभ्या राहाल तर मी खुसपट काढीन.”

बाई हसल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. “इथून एक फोन करू? शेजारच्या बाई आत्ता बाबांकडे असतात.”

त्यांना फोन धरवेना, म्हणून खुसपटरावांनीच नंबर लावला आणि आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. पलीकडे शेजारणीचा आवाज आला, मग खडखड, मग जड श्वास.

“बाबा, मी येतेय,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारी रात्री. सामान घेऊन.”

बराच वेळ काही आलं नाही. वडिलांची जीभ झटक्यानंतर जड झाली होती, हे खुसपटरावांनी अर्जासोबतच्या कागदांत वाचलं होतं. वाचणं निराळं आणि ते थांबणं ऐकणं निराळं.

“रविवारी,” वडील म्हणाले. एकेक अक्षर ओढून आणावं तसं. “बस... किती वाजता?”

“रविवारी बस नाही, बाबा.”

“सोमवारी... शाळा.”

“सोमवारी मी घरी आहे,” बाई म्हणाल्या. “मंगळवारी पण. बाबा, मी आता परत जाणार नाहीये.”

पलीकडून नुसता एक आवाज आला, आणि मग शेजारीण घाईने बोलू लागली, “अगं, रडतायत ते, पण बरे आहेत, हसतायतसुद्धा, तू ठेव फोन, मी बसते जवळ.”

खुसपटरावांनी फोन ठेवला. मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि बाईंनी डोळे पुसून उठेपर्यंत वळले नाहीत.