पाळणाघर कुणाच्या रकान्यात?

नियम माझाच होता, हे आधीच सांगून टाकते.

लग्नानंतर पहिल्या महिन्यात आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलो होतो. त्याचा पगार नव्वद हजार, माझा तीस. अर्धा-अर्धा खर्च केला तर माझ्याकडे बसच्या पासापुरतेच उरले असते. म्हणून ठरलं की भाडं, किराणा, वीज, गॅस असा जो सामायिक खर्च, तो पगाराच्या प्रमाणात वाटायचा. त्याचे तीन वाटे, माझा एक. एक तारखेला दोघांनी आपापला वाटा घरखात्यात भरायचा.

मग त्याच्या गाडीचा विषय निघाला. महिन्याला चौदा हजारांचा हप्ता. मी तर बसने जाणार होते. हिशोबाच्या शीटच्या खालच्या ओळीत मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, 'जो खर्च ज्याच्या नोकरीमुळे, तो त्याचा.' तो हसून म्हणाला होता, "वकील व्हायला हवं होतंस तू!" मला इतका आनंद झाला होता, की त्या दिवशी मी भांडीसुद्धा गाणं म्हणत घासली.

मुलगी, आमची बुटकी, झाल्यावर मी अर्धवेळ कामावर गेले. मी लहान मुलांच्या कानांची तपासणी करते. आवाजबंद खोलीत मूल बसतं, कानावर हेडफोन, आणि 'पीं' ऐकू आलं की हातातला ठोकळा डब्यात टाकायचा, एवढाच खेळ. काही मुलं बेरकी असतात. ती आवाजाची वाटच बघत नाहीत, माझ्या चेहऱ्याकडे बघून ठोकळा टाकतात. त्यामुळे चेहरा कोरा ठेवायची मला सवय झाली आहे. कामाची जागा मला आवडते. तिथे कोणी मला 'बुटकीची आई' म्हणत नाही.

अर्धवेळचा पगार पंधरा हजार. नव्वदाला पंधरा म्हणजे सहास एक. नियमाप्रमाणे माझा वाटा कमी झाला, तोही न कुरकुरता नवे आकडे भरत होता. सामायिक खर्च सत्तेचाळीस हजार, त्यातले माझे सहा हजार सातशे. उरतात आठ हजार तीनशे. छान की!

"आणि पाळणाघर?" मी विचारलं.

"नऊ हजार. ते तुझ्या रकान्यात जाईल ना." तो स्क्रीनकडेच बघत होता. त्याने ते दुष्टपणे म्हटलं नाही. कांदे संपले म्हणावं तसं म्हटलं. "तुझ्या नोकरीमुळे लागतंय. नियम आहे खाली."

आठ हजार तीनशेतून नऊ हजार. सातशे कमी. म्हणजे महिनाभर काम करून मी घराला सातशे देणं लागत होते.

"सातशेचं काय टेन्शन घेतेस अगं," तो म्हणाला, "ते मी टाकत जाईन दर महिन्याला."

दर महिन्याला सातशे मागायचे? मग बसचे? आईकडे जाताना न्यायच्या फळांचे?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईला फोन लावला. बुटकी माझ्या मांडीवर बसून फोनची वायर चावत होती. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि कडाडली, "तो कामावर जातो तेव्हा बाळ कुठे असतं? त्याच्या खिशात? त्याच्या नोकरीलाही पाळणाघर लागतंच ना! हे विचार त्याला."

किती सोपं! मला का सुचलं नव्हतं? मी कागदावर मांडून बघितलं. पाळणाघर सामायिक धरलं तर खर्च छप्पन्न हजार. त्याचे अठ्ठेचाळीस, माझे आठ. माझ्याकडे सात उरतात, त्याच्याकडे बेचाळीस, त्यातून हप्ता गेला तरी अठ्ठावीस. कागदाची घडी करून मी पर्समध्ये ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तीनदा बाहेर काढून पाहिली.

तो आला, चहा झाला, बुटकीला खांद्यावर घेऊन त्याने खोलीत चार फेऱ्या मारल्या. मी कागद पुढे केला आणि ताईचं वाक्य ताईच्याच ठसक्यात म्हणून टाकलं.

त्याने कागद नीट वाचला. "गणित बरोबर आहे," म्हणाला. "पण तू घरी असतीस तर हे नऊ हजार लागलेच नसते ना?"

"तू घरी असतास तरी लागले नसते."

"मी घरी बसलो तर भाडं कोण देणार?" आणि तो हसला. त्याच्या खांद्यावर बुटकीही हसली. त्याच्या म्हणण्यात कुठेतरी चूक होती, मला ती दिसत होती, पण बोट ठेवायला गेले की सरकत होती.

"शिवाय मग गाडीही सामायिक धरायची का?" तो म्हणाला. "हिला डॉक्टरकडे गाडीनेच नेतो आपण. तूच तर म्हणालीस, ज्याचं त्याचं. मी तेव्हा काही बोललो का?"

नव्हता बोलला. दोन वर्षं एकदाही नाही. आता मी नियम मोडायचा तर कोणत्या तोंडाने? 'घरी बसायचं नाही म्हणून मागत नाहीये, माझ्याकडे काही उरत नाही म्हणून मागतेय' असं म्हणायला हवं होतं. मी कागदाची पुन्हा घडी घातली.

"तुला जे वाटेल ते कर. माझा अजिबात आग्रह नाही," तो म्हणाला, आणि खरोखरच नव्हता. आग्रह असता तर मी भांडले असते.

शनिवारी अर्धवेळचा महिन्याभराचा तात्पुरता करार संपत होता. सेंटरच्या मॅडमनी कागद पुढे सरकवला. "सही करतेस ना? पुढच्या वर्षी पूर्ण वेळाची जागा होईल, आत असलेल्यालाच मिळणार."

"सोमवारी केली तर चालेल?"

"बाहेर दोघीजणी अर्ज घेऊन बसल्यात बाई. आजच सांग."

तेवढ्यात पाळणाघरातल्या मावशींचा फोन आला. बुटकीचं अंग गरम आहे, आजारी मूल ठेवत नाहीत, येऊन घेऊन जा. तासाचे पैसे कापले जाणार होते, आणि रिक्षाचे लागणार होते, आणि दोन्ही माझ्याच रकान्यात. मी पेन उचललं होतं. ते तसंच कागदावर आडवं ठेवलं.

"नको मॅडम," मी म्हणाले. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. माझा चेहरा कोरा होता. सवयीचा.

संध्याकाळी बुटकीचा ताप उतरला. नुसता दात येत होता. तो लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसला आणि त्याने माझ्या पगाराच्या चौकटीत शून्य टाकलं. माझा वाटाही आपोआप शून्य झाला. पाळणाघराची ओळ त्याने खोडून टाकली.

"बघ, किती सोपं झालं," तो म्हणाला. "आता तुला काहीच द्यायचं नाही." मग त्याने एक नवी ओळ घातली आणि 'हातखर्च' असं लिहिलं. "इथे किती टाकू? लाजू नकोस, सांग तू."

समोर चौकट रिकामी होती. मी आकडा सांगायला तोंड उघडलं, आणि आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.