दोन टक्क्यांचा संशय

साल १९७३. जानेवारीत भिंगारच्या रंगनाथ ढोंगड्यांच्या बांधकामाच्या कचेरीत हिशेब लिहिणाऱ्या दमयंतीबाई बँकेचं पासबुक आणि बिलं समोरासमोर ठेवून बसल्या, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

राहुरीकडच्या एका साखर कंपनीची तीन मोठी बिलं कमी भरली होती. ८,४०० च्या बिलाला १६८ कमी, ६,५०० ला १३०, ११,२५० ला २२५. फक्त ३,२०० चं गटाराचं लहान बिल पूर्ण आलं होतं. म्हणजे जिथं चटकन कळेल, तिथं हात लावलेला नाही!

चेक आणायला एसटीने जात ते रविकांत निसळ, बारा वर्षांचे जुने कारकून. रंगनाथरावांची रीत अशी, की पूर्ण रकमेची पावती रेव्हेन्यू तिकीट लावून आधीच त्यांच्याबरोबर द्यायची. पावती पूर्ण, चेक कमी. मधले पैसे निसळांनी कंपनीच्या कॅशियरच्या संगनमताने खाल्ले, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं आणि मालकांना सांगितलं.

"रविकांतराव, ह्ये काय हाय?" रंगनाथरावांनी विचारलं.

"कॅशियर म्हणाला, काहीतरी कापतात. मी विचारलं नाही."

"पाचशे तेवीस रुपये गेले, अन तुमी इचारलं न्हाई? लई भोळे झाला!"

"कापल्याचं परत येऊन सांगितलंही नाहीत," बाई म्हणाल्या.

निसळांनी बाईंकडे पाहिलं. "ताई, चेक दिला तसा आणला. तुम्हाला खोटं वाटत असेल, तर या कचेरीच्या किल्ल्या घ्या." किल्ल्या टेबलावर ठेवून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चोरीची खात्री करायला बाई स्वतः कंपनीत गेल्या. हेडक्लार्क नृसिंह दाणींनी वही उघडली.

"चोरी कसली? गेल्या एप्रिलपासून नवा कायदा आलाय. कामाचा ठेका पाच हजारांवर गेला की शेकडा दोन आयकर कापून, तुमच्या नावे सरकारात भरायचा. पावती पूर्ण रकमेचीच हवी."

"आणि लहान बिल?"

"तो ठेका वेगळा, पाच हजारांच्या आतला." त्यांनी खणातून कर कापल्याचे तीन दाखले काढले. "कुणी मागितल्याशिवाय आम्ही देत नाही. हे जपा. वर्षाच्या करातून वजा होतील."

परतताना बाईंना एसटीत खिडकीबाहेर बघवेना.

त्याच संध्याकाळी त्यांनी वहीत आयकर कपातीचं वेगळं खातं काढलं. पूर्ण बिलं जमेला धरली आणि तिन्ही दाखल्यांची बेरीज लावली. ५२३, पैचाही फरक नाही.

मग बाईंकडून खरं कळल्यावर रंगनाथराव त्यांना घेऊन निसळांच्या घरी गेले. "चुकलं आमचं. उद्यापासून या."

"चहा घ्या," निसळ म्हणाले. "पण कामावर नाही येणार."

पुढे निसळांनी छावणीजवळ स्टेशनरीचं दुकान घातलं आणि ते शेवटपर्यंत चालवलं. ते ५२३ रुपये रंगनाथरावांच्या करातून वळते झाले. दाणी बदली होऊन पुण्याला गेले. दमयंतीबाईंनी आणखी अठरा वर्षं तिथंच हिशेब लिहिला. शाई आणि दौती मात्र त्या गावातल्याच दुसऱ्या दुकानातून आणत. निसळांच्या दुकानाची पायरी चढायचं त्यांना कधी जमलं नाही.