जास्तच घट्ट, पुरेसं गोड

आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे. ह्यांनी चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले ते दातांत टाचण्या धरून, मग तोंड उघडणार कधी? उघडलं तर दोन शब्द. "खांदा जास्तच सैल." झालं मत देऊन. मेंदूला झटका आला आणि ते दोन शब्दही गेले, उजवा हातही गेला. उरलं एक "हो", तेही कशालाही. जेवलात का, हो. उपाशी आहात का, हो. डोकं फिरायची पाळी.

मग हॉस्पिटलातल्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे आठवड्यातून दोनदा जायला लागलो. वयाने माझ्या लेकीएवढी, पण धीर जबरदस्त. त्यांनी पाच चिठ्ठ्या केल्या. खूप, जास्तच, पुरेसं, इतकं, असलं. म्हणाल्या, वस्तूंची नावं घोकून माणूस बोलका होत नाही, त्याला काय वाटतं ते बाहेर यायला हवं. चहा खूप गरम. साखर पुरेशी. असला आवाज नको. नियम एकच. विचारायचं, आणि मनात दहापर्यंत मोजत गप्प बसायचं.

गप्प बसणं आणि मी! घरी तिनाच्या पुढे माझा आकडा कधी गेला नाही.

सहा आठवड्यांनी चाचणी होती. पाच वस्तू दाखवणार, त्यातल्या तीन वस्तूंबद्दल ह्यांनी मनाचं बोलायचं, तर पुढचे सहा आठवडे मिळणार. नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्या पेशंटला. मी काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. सरावाच्या कागदावर पाच चित्रं होती, ती मी रोज सकाळ-संध्याकाळ ह्यांच्याकडून वदवून घेतली. चहा खूप गरम, सदरा जास्तच घट्ट, सरबत पुरेसं गोड, अशी ओळीने पाचही. चौथ्या आठवड्यात ते न अडखळता म्हणायला लागले. मी आनंदाने रडले, खोटं कशाला सांगू.

चाचणीला मॅडमनी कागद काढलाच नाही. टेबलावर खरा चहा ठेवला, पार गार झालेला. ह्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "चहा खूप गरम."

मग मॅडम स्वतः एक कोट घालून उभ्या राहिल्या. कुठल्यातरी धिप्पाड माणसाचा असावा, खांदे नुसते ओघळत होते. हे उठले. डाव्या हाताने खांद्याच्या शिवणीवरचं कापड चिमटीत धरलं, बरोबर दोन बोटं आत घेतलं आणि मॅडमकडे पाहिलं. हात डावा, पण पकड अगदी पूर्वीची होती हो. मॅडम गप्प, मोजत होत्या. ह्यांचे ओठ हलले.

"जास्तच घट्ट," ते म्हणाले.

चिमटी तशीच होती. आपण काय बोललो ते त्यांना कळलं, चेहऱ्यावर दिसलं. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा "घट्ट"च आलं. मला राहवेना. "अहो, सैल! सैल म्हणा ना, जास्तच सैल!"

मॅडमनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ह्यांनी कोट सोडला, हे खाली बसले आणि उरलेल्या तीन वस्तूंकडे बघेचनात. मीच पाठ करून घेतलेलं त्यांच्या तोंडात बसलं होतं आणि खरं मत त्याच्यामागे अडकलं होतं. हे मी केलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

मग हे माझ्याकडे वळले.

"इतकं... नको," ते म्हणाले. थांबले. "पुरे."

मॅडमनी ते कागदावर लिहिलं. त्यांचे डोळे भरले होते. हे कुणी शिकवलेलं नाही, त्यांचं स्वतःचं आहे, असं म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, चाचणीत ते नापास झाले, पण या एका बोलण्यावर मी वरच्यांकडे पुढचे आठवडे मागू शकते, मागू का? मी ह्यांच्याकडे पाहिलं. झटक्यानंतरच्या सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला मनातलं सांगितलं होतं, आणि ते "पुरे" होतं. मी म्हटलं, नका मागू.

घरी आल्यावर चहा केला. कप समोर ठेवला आणि विचारलं, साखर पुरेशी आहे का. दहापर्यंत मोजलं. मग वीसपर्यंत. साठपर्यंत मोजलं, एक अक्षर न बोलता. हे खिडकीबाहेर बघत राहिले, आणि चहावर साय धरली.