धन्यवादाची शिक्षा

पाणीपुरवठ्याच्या तक्रारी संगणकच वाचून निकाली काढायचा. तरी तक्रार विभागाच्या ताई रोज निकाली निघालेल्या ढिगातून वीस पत्रं चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही उचलून स्वतः वाचायच्या.

"कशाला डोळे फोडून घेता? कोणी बोंब मारली का?" संगणकाचे नियम लिहिणारा इंजिनिअर म्हणाला.

आज सातवं पत्र निघालं : 'तीन दिवस नळ कोरडा आहे. कृपया बघावे. धन्यवाद.' खाली संगणकाचा शेरा : ग्राहक समाधानी.

इंजिनिअरचा चेहरा उतरला. 'धन्यवाद' दिसलं की तक्रार बंद, हा नियम त्यानेच गेल्या आठवड्यात घातला होता. शोधल्यावर अशी एकशेबारा पत्रं सापडली.

"म्हणजे आठवडाभर आपण फक्त शिव्या देणाऱ्यांनाच पाणी दिलं," तो पुटपुटला.

ताई हसल्या. "तरीच. आमच्या सासऱ्यांनी दुसऱ्या पत्रात तोंड सोडलं, तेव्हा कुठे आमच्या नळाला पाणी आलं."